मेन चालू, मजला अंधारात: वसतिगृहाच्या आपत्कालीन दिव्यांचा माझा अनुभव

त्या तपासणीला आता वर्ष होत आले, तरी पुरवठादाराच्या अभियंत्याचे फोनवरचे वाक्य आठवले की मला अजूनही संताप येतो. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या शहरात मुलींच्या वसतिगृहाचे विद्युत काम माझ्याकडे होते. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर 30 मीटर लांब व 1.8 मीटर रुंद बोळ आणि त्याच्या दोन्ही टोकांना जिने, अशी ती इमारत आहे. जूनमध्ये बीड, परभणी, हिंगोलीकडच्या मुली राहायला येणार होत्या आणि त्याआधी अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला हाती पडणे आवश्यक होते. सुटकेच्या मार्गावरील दिव्यांचे काम मालकांनी, म्हणजे अण्णांनी, मी येण्यापूर्वीच एका पुरवठादाराकडे सोपवलेले होते. तळमजल्यावर एक मध्यवर्ती बॅटरी व इन्व्हर्टर बसवून तेथून चारही मजल्यांवरच्या 32 दिव्यांना वायर नेलेली होती. अर्ज, नकाशे, पंप, होज रील या गोष्टी सुरळीत पार पडल्या.

एप्रिलमध्ये अधिकारी तपासणीला आले. मेन स्विच बंद करून दाखवण्याची आमची तयारी होती, पण त्यांनी मेनला हातही लावला नाही. ते दुसऱ्या मजल्यावर गेले, तिथल्या डीबीमधली, म्हणजे मजल्याच्या वीजपेटीतली, बोळातल्या दिव्यांची एमसीबी, शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच, त्यांनी खाली पाडली आणि थांबले. बोळ काळोखात बुडाला आणि एकही आपत्कालीन दिवा लागला नाही. त्यांनी शेरा लिहिला आणि ते निघून गेले.

मी त्याच संध्याकाळी पुरवठादाराला फोन केला. त्याचा अभियंता म्हणाला, "मेन सप्लाय चालू आहे ना साहेब, मग दिवा कशाला लागेल? सिस्टीम बरोबर आहे, तपासणीच चुकीची आहे." हेच उत्तर मला सहा आठवडे वेगवेगळ्या शब्दांत मिळत राहिले. माणूस पाठवतो, कंपनीला विचारतो, पुढच्या सोमवारी येतो, असे म्हणण्यात मे महिना संपत आला.

तपासणी मुळीच चुकीची नव्हती. मध्यवर्ती यंत्रणेचे पॅनेल फक्त स्वतःकडे येणारा वीजपुरवठा पाहत होते. तो चालू आहे तोवर त्याच्या लेखी सगळे ठीक होते. आग लागते तेव्हा मात्र बहुधा त्याच मजल्यावरची वायर आधी वितळते, तिथेच शॉर्ट होतो आणि तेवढीच एमसीबी पडते. खाली मेन चालू, पॅनेल शांत आणि ज्या मजल्यावर धूर आहे नेमका तोच अंधारात, अशी स्थिती होते. म्हणून मध्यवर्ती यंत्रणा घ्यायची असेल तर प्रत्येक मजल्याच्या दिव्यांच्या प्रत्येक सर्किटवर त्याची वीज गेल्याचे ओळखणारा फेज फेल्युअर रिले बसवावा लागतो आणि त्याचा निरोप पॅनेलपर्यंत नेणारी तार ओढावी लागते. एकही सर्किट गेले तरी पॅनेलने त्या मजल्याचे दिवे लावले पाहिजेत. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर दिव्यांची दोन सर्किटे होती, म्हणजे आठ रिले आणि त्यांच्या तारा लागणार होत्या. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता.

मी छताचे दोन पॅनेल उघडून पाहिले तेव्हा दुसरी गोष्ट उघडी पडली. बॅटरीपासून दिव्यांकडे जाणारी वायर साधी पीव्हीसीची होती आणि नेहमीच्या दिव्यांच्याच पाइपातून नेलेली होती. मध्यवर्ती यंत्रणेत वीज दुरून येते, त्यामुळे ती केबल आगीत टिकणारी आणि वेगळ्या मार्गाने नेलेली असावी लागते. नाहीतर एका मजल्यावरची आग वरच्या मजल्यांचेही दिवे घालवू शकते.

बॅटरीचा हिशेबही मीच पुन्हा केला. 5 वॉटचे 32 दिवे म्हणजे 160 वॉट, इन्व्हर्टरमधील घट धरून साधारण 190 वॉट. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणे दिवे किमान 90 मिनिटे चालले पाहिजेत, म्हणजे 285 वॉट-तास लागतात. 24 व्होल्टवर भागले की 12 अँपिअर-तास येतात आणि बसवलेली बॅटरी 18 ची होती, म्हणून कागदावर सारे भरपूर दिसत होते. पण लेड-ॲसिड बॅटरीवरचा आकडा 10 किंवा 20 तासांच्या संथ वापरासाठीचा असतो. दीड तासात ती रिकामी केली तर त्याच्या साधारण 60 ते 65 टक्केच हाती येतात. त्यात ती जुनी होत जाणार म्हणून आणखी 25 टक्के वाढ धरली की 24 अँपिअर-तासांच्या आसपास गरज निघते. प्रत्यक्ष चाचणीत ती कोरी बॅटरी 82 व्या मिनिटाला संपली. बॅटरीच्या खोलीला खिडकी नव्हती आणि आपल्याकडचा मे महिना पाहता एक-दोन उन्हाळ्यांनंतर तिचे काय राहिले असते, हे सांगायला नको.

मी अण्णांना स्पष्ट सांगितले की आठ रिले, नवी केबल आणि मोठी बॅटरी एवढे करण्यापेक्षा प्रत्येक दिव्यात स्वतःची बॅटरी असलेले स्वयंपूर्ण दिवे लावू. अशा दिव्याला दुरून केबल लागत नाही आणि तो आपल्याच सर्किटकडे पाहतो, त्यामुळे एमसीबी पडताच लागतो. मोठ्या रुग्णालयात, जिथे दिवे शेकड्यांनी असतात आणि विद्युत कर्मचारी कायम हजर असतो, तिथे मी आजही मध्यवर्ती बॅटरी सुचवीन, कारण तिथे सगळ्या बॅटऱ्या एकाच थंड खोलीत सांभाळता येतात. वसतिगृहात वॉर्डनताई आणि एक पहारेकरी एवढेच लोक असतात. स्वयंपूर्ण दिव्यांची खरी अडचण उष्णतेची आहे, कारण छतालगत उन्हाळ्यात फार तापते. म्हणून मी जास्त तापमानासाठी बनवलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीचे दिवे मागवले.

जोडणी करताना आपल्या भागात एक चूक हमखास होते. भारनियमनासाठी बोळातील नेहमीचे दिवे घरगुती इन्व्हर्टरवर असतात आणि आपत्कालीन दिवा थेट मेनवर जोडला जातो. मग वीज गेली की नेहमीचे दिवे चालू असतानाही तो आपली बॅटरी रिकामी करतो. ती पुन्हा पूर्ण भरायला 24 तासांपर्यंत वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशी वीज पुन्हा जाते. आपत्कालीन दिव्याला इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी, त्याच बोळाच्या एमसीबीवरची आणि कुठल्याही बटणातून न जाणारी फेज द्यावी. दोन सर्किटे असतील तर एकाआड एक दिवा दोन्हींवर वाटावा.

प्रकाशाचे सांगायचे राहिले. संहितेला मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीपाशी किमान 10 लक्स हवेत आणि 2 मीटरपर्यंतच्या मार्गात निम्म्या रुंदीवर किमान 5 लक्स. पुरवठादाराने दिवे 6 मीटर अंतराने लावले होते. रात्री लक्स मीटर जमिनीवर ठेवला तेव्हा दिव्याखाली 22, पण दोन दिव्यांच्या मध्ये 6 च भरले. नवे दिवे 4 मीटर अंतराने लावले, जिन्याच्या दारांपाशी आणि प्रत्येक वळणावर वेगळे दिले. एकूण 44 झाले. दिवा निवडताना बॅटरीवर चालतानाचे ल्युमेन विचारावेत, कारण पुष्कळ दिवे मेनवर प्रखर आणि बॅटरीवर मंद असतात. मोजमाप पहिल्या मिनिटाला घेऊ नये, शेवटी घ्यावे.

फेरतपासणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. अधिकाऱ्यांनी पुन्हा दुसऱ्या मजल्याचीच एमसीबी पाडली आणि बोळ लगेच उजळला. वॉर्डनताई शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त जिन्यापर्यंत चालत जाऊन परत आल्या. नव्वदाव्या मिनिटाला दोन दिव्यांच्या मधोमध 13 लक्स भरले, आणि तो आकडा मी नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिला.

आता वॉर्डनताई महिन्यातून एकदा एकेक एमसीबी पाडून कोणता दिवा लागला नाही ते लिहून ठेवतात. पूर्ण 90 मिनिटांची वार्षिक चाचणी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत, मुली गावी गेल्यावर घेतो, कारण त्यानंतरचा एक दिवस बॅटऱ्या रिकाम्या असतात आणि त्या दिवशी इमारतीत कोणी झोपलेले नसावे.