सोलापुरात साडेसात, एडिसनमध्ये सकाळचा चहा

माझ्या वहिनीचा सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे. मी इकडे न्यू जर्सीत, एडिसनला. तिच्या पोस्ट कधी टाकायच्या हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण परदेशातली गिऱ्हाइकं कधी उठतात आणि कधी झोपतात हे मला ठाऊक असणार अशी घरच्यांची समजूत. वहिनीचा नेहमीचा प्रश्न एकच : "ताई, तिकडं आत्ता काय करलालेत लोकं?"

आधी परदेशातलं गिऱ्हाईक म्हणजे कोण, ते सांगते. इकडे डबा मागवणारे थोडे. खाण्याचं पार्सल अमेरिकेत पाठवायचं तर कुरिअर आणि कस्टमचा खर्च मालापेक्षा जड होतो, आणि इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत कुठली ना कुठली शेंगा चटणी मिळतेच. वहिनीला पैसे येतात ते वेगळ्या कारणासाठी. मुलगा जर्सीत, आईवडील पुण्यात किंवा सोलापुरातच जुळे सोलापूरला. दिवाळीला, आईच्या वाढदिवसाला तो इथून पैसे भरतो आणि डबा तिथे पोहोचतो. वहिनीच्या वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे दोन रकाने आहेत, "पैसे कुठून" आणि "डबा कुठं". निळ्या शाईत न्यू जर्सी, शेजारी काळ्या शाईत कोथरूड. वही चाळली की कळतं, घेणारा आणि खाणारा यांच्यामध्ये साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर आहे, आणि पोस्ट दोघांनाही दिसायला हवी.

इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये "फॉलोअर्स कधी जागे असतात" याचा आलेख मिळतो. तो पाहून बहुतेक जण वेळ ठरवतात. पण तो सगळ्या फॉलोअर्सची बेरीज दाखवतो. वहिनीचे बहुतेक फॉलोअर्स सोलापूर-पुण्याचे, त्यामुळे आलेखात उंच दिसते ती तिकडच्या लोकांची जेवणानंतरची वेळ. जर्सीचे मूठभर लोक त्या ढिगात दिसतच नाहीत, आणि मोठ्या रकमेच्या ऑर्डरी नेमक्या त्यांच्याच असतात. म्हणून मी आलेख बाजूला ठेवला आणि वहीतल्या ऑर्डरी कधी आल्या ते पाहिलं. शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी, सोलापूरच्या सात ते दहाच्या दरम्यान, त्यांचा गठ्ठाच होता.

इथे राहणाऱ्याला त्याचं कारण सांगावं लागत नाही. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलं की घरी व्हिडिओ कॉल. आठवडाभर ऑफिस, मुलांची शाळा, आणि आपण मोकळे होईपर्यंत तिकडे मध्यरात्र. आईवडिलांशी निवांत बोलायला हाच वेळ उरतो. त्या कॉलमध्ये आई म्हणते, "अरे, ती सोलापूरची चटणी परत मागव की," आणि मुलगा फोन न ठेवताच व्हॉट्सअॅप उघडतो. म्हणजे पोस्टची खरी स्पर्धा दुसऱ्या ब्रँडशी नाही, तिला या कॉलच्या आधी आईपर्यंत आणि कॉलच्या वेळी मुलापर्यंत पोहोचायचं असतं.

त्यावरून दोन वेळा ठरल्या. पहिली, शनिवारी सकाळी साडेनऊ. घरातली सकाळची गडबड उरकून आईने मोबाईल हातात घेतलेला असतो. त्याच क्षणी कॅलिफोर्नियात शुक्रवार रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आठवडा संपल्यामुळे तिथले लोक सोफ्यावर पडलेले. ऑक्टोबरमध्ये सिडनीत तेव्हा दुपारचे तीन. एडिसनमध्ये मात्र मध्यरात्र, पण या पोस्टकडून मला एडिसन नकोच असतं. ही पोस्ट आईसाठी. तिच्यात पैशांची लिंक नसते, जास्त बोलत नाही ती. उखळात शेंगा, लाल तिखट, लसूण कुटताना दिसतात, मुसळाचा आवाज तसाच ठेवलेला असतो.

दुसरी वेळ शनिवारी संध्याकाळी साडेसात. तेव्हा एडिसनमध्ये सकाळचे दहा, लंडनमध्ये दुपारचे तीन, दुबईत संध्याकाळचे सहा. कॅलिफोर्निया पहाटे सातला अर्धवट जागा, पण त्याला सकाळची पोस्ट आदल्या रात्रीच दिसून गेलेली. या दुसऱ्या पोस्टमध्ये भाव, डबा कुठल्या गावात पोहोचतो, आणि पैसे कसे भरायचे ते असतं.

साडेसात का, साडेसहा का नाही? मी म्हणते घड्याळबदलासाठी. भारताचं घड्याळ वर्षभर तेच. अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनचं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. आपल्याकडून पाहिलं तर न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि थंडीत साडेदहा. साडेसहाला पोस्ट टाकली तर उन्हाळ्यात इथे सकाळचे नऊ, पण थंडीत आठ, आणि डिसेंबरमधल्या शनिवारी आठ वाजता इथलं कोणीही अंथरुणातून हलत नाही. साडेसातला टाकली तर उन्हाळ्यात दहा आणि थंडीत नऊ. दोन्ही वेळा चहाच्याच. सकाळच्या साडेनऊचंही तसंच, कॅलिफोर्नियात रात्रीचे नऊ किंवा आठ. वर्षातून दोनदा वेळापत्रक फिरवायची कटकट राहत नाही, आणि वहिनीला तर काहीच लक्षात ठेवावं लागत नाही.

यात घोळ होण्याची एक जागा आहे. शेड्यूल लावताना जी वेळ दिसते ती लावणाऱ्याच्या घड्याळाची असते. समजा मी एडिसनमधून ऑक्टोबरमध्येच शनिवार 7 नोव्हेंबरची पोस्ट "सकाळी दहा" अशी लावली. 1 नोव्हेंबर 2026 ला इथलं घड्याळ मागे येणार, त्यामुळे ती सोलापुरात साडेसातऐवजी साडेआठला उमटेल. आणि तो दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार, लक्ष्मीपूजन दुसऱ्याच दिवशी, 8 नोव्हेंबरला. म्हणून नियम असा की सगळं सोलापूरच्या वेळेत लिहायचं आणि शेड्यूल सोलापूरच्याच फोनवरून लावायचं.

दिवाळीच्या ऑर्डरींची शेवटची तारीख लिहिताना तर फार सांभाळावं लागतं. डबे पुण्यात शुक्रवारपर्यंत पोहोचायचे तर वहिनीला सोमवारी, 2 नोव्हेंबरला, पॅकिंगला बसावंच लागेल. सहज लिहिलं जातं ते असं : "ऑर्डर सोमवारी रात्री नऊपर्यंत." जर्सीतला वाचणारा ते आपल्या सोमवारचे नऊ धरतो. सोलापूरच्या सोमवारी रात्री नऊला इथे सकाळचे साडेदहाच वाजलेले असतात, म्हणजे "रात्री बघू" म्हणणाऱ्याची मुदत तो ऑफिसात असतानाच संपते. रात्री त्याने पैसे भरले तर सोलापुरात मंगळवारची सकाळ उजाडलेली आणि पहिली गाडी निघून गेलेली. मग भांडण, पैसे परत, आणि आईची दिवाळी चटणीविना.

यावर उपाय म्हणजे मुदत वाचणाऱ्याच्या दिवसात लिहायची. परदेशातल्यांना "रविवारी, 1 नोव्हेंबरला, झोपण्यापूर्वी", घरच्यांना "सोमवारी दुपारी एकपर्यंत". कॅलिफोर्नियात रविवारची मध्यरात्र होते तेव्हा सोलापुरात सोमवार दुपारचा दीड असतो. वहिनी जेवून, भांडी आवरून दोन वाजता पॅकिंगला बसते तोवर कॅलिफोर्नियातलं गिऱ्हाईकही झोपलेलं असतं. त्याच कारणाने पोस्टमध्ये "आज" आणि "उद्या" हे शब्द मी बंद केले आहेत. फीडमध्ये पोस्ट टाकल्याच्या क्रमाने दिसत नाही, कोणाला ती दुसऱ्या दिवशी दिसते, आणि तोवर "आज" शिळा होतो. वार आणि तारीख लिहिली की वाद नाही.

व्हॉट्सअॅपची गोष्ट वेगळी. स्टेटस चोवीस तास राहतं, त्यामुळे सकाळी साडेनऊला ठेवलेलं स्टेटस इथल्या शनिवार सकाळीही दिसतं, त्याची वेळ फार मोजू नये. ब्रॉडकास्ट मात्र फोन वाजवतो. रात्री तीनला फोन वाजला तर माणूस चटणीच्या फोटोकडे न बघता नंबर ब्लॉक करतो. म्हणून वहिनीच्या फोनमध्ये याद्या वेगळ्या आहेत : घर, अमेरिका पूर्व, अमेरिका पश्चिम, लंडन-दुबई. एका यादीत 256 च नंबर बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो, त्यामुळे याद्या लहान असणं बरंच. मेसेज इन्फोमध्ये कोणी कधी वाचलं ते दिसतं. पूर्व यादीतला एखादा रोज सोलापूरच्या सकाळी साडेअकराला वाचत असेल, तर तो बहुधा घर बदलून कॅलिफोर्नियाला गेला. त्याला पश्चिमेत हलवायचं.

एक गोष्ट मात्र घड्याळात बसत नाही, ती म्हणजे उत्तर. "साखरपेठेत डबा येईल का?" असं विचारणाऱ्याला पंधरा मिनिटांत उत्तर मिळालं नाही की तो दुसरीकडे वळतो. पोस्टची वेळ निवडताना उत्तर द्यायला कोण मोकळं आहे, हे मी आधी विचारते. कॅलिफोर्नियासाठी सकाळची साडेनऊ निवडली त्यामागे हेही होतं. तिथल्या शनिवारी सकाळी दहाला पोस्ट टाकली असती तर सोलापुरात रात्रीचे साडेदहा वाजतात, आणि दिवसभर भाकऱ्या थापलेल्या बाईला त्या वेळी फोन घेऊन बसवणं मला पटत नाही. बिझनेस अॅपमध्ये दुकान बंद असतानाचा आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवला आहे. त्यात "लवकरच संपर्क करू" असं नसून "सोलापूरच्या सकाळी नऊला उत्तर देते, तुमच्या न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेअकरा" असं असतं. थंडीत ते साडेदहा करायचं असतं, वर्षातून दोनदा हात लावायचा तो एवढ्याच ओळीला.

जानेवारीत हे सगळं आम्ही गुंडाळून ठेवतो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापूरचा माणूस मोबाईल घेऊन ऑर्डर करत नाही, तो नंदीध्वजांच्या मागे असतो. अक्षता सोहळा दुपारी, म्हणजे एडिसनमध्ये ऐन रात्री. इथले सोलापूरकर सकाळी उठून घरून आलेले व्हिडिओ पाहतात. त्या आठवड्यात वहिनी फक्त स्वतः काढलेला एक व्हिडिओ त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला टाकते, भाव नाही, लिंक नाही. वार कोणताही असो, त्या दिवशी इथला माणूस ऑफिसला पोहोचता पोहोचता तो बघतोच.