एक्सआयआरआर काढताना तारखांनी घेतलेले माझे दोन दिवस

२०२३ साली मी एका इक्विटी फंडात पाच हजारांची एसआयपी सुरू केली आणि ती धड चालवली नाही. एप्रिल-मेमध्ये खात्यात पैसे नव्हते, सप्टेंबरचा हप्ता गणपतीत गेला, जुलैत मात्र एकदम दहा हजार भरले. डिसेंबरनंतर एसआयपी बंदच केली. नऊ हप्त्यांत एकूण ५०,००० गेले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे ६२,००० झाले होते.

मेहुणा म्हणाला, "दाजी, सोप्पंय की. चोवीस टक्के वाढले, दोन वर्षं झाली, वर्षाला बारा." सोपं आहे, पण चूक आहे. जानेवारीचे पाच हजार जवळजवळ दोन वर्षं आत होते, डिसेंबरचे जेमतेम तेरा महिने. दोघांना एकच काटा लावून कसं चालेल? प्रत्येक हप्ता किती दिवस आत होता ते धरून वार्षिक दर काढायचा तर एक्सआयआरआर लागतो.

गूगल शीटमध्ये A स्तंभात तारखा, B मध्ये रकमा. भरलेले पैसे वजा चिन्हाने (-5000), आणि शेवटच्या ओळीत त्या दिवशीचं मूल्य अधिक (62000). मग:

```
=XIRR(B2:B11, A2:A11)
```

पहिल्यांदा वजा चिन्ह द्यायला विसरलो तेव्हा #NUM! आलं. ते लगेच सुधारलं. खरा घोळ तारखांनी घातला.

वजा चिन्हं दिल्यावर #VALUE! आलं. नीट पाहिलं तर शेवटची 31/12/2024 तेवढी चौकटीत डावीकडे चिकटलेली, बाकीच्या सगळ्या उजवीकडे. डावीकडची म्हणजे शीटने तिला तारीख न मानता साधा मजकूर मानलं. मी तिच्या जागी =DATE(2024,12,31) टाकलं आणि उत्तर आलं, १४.३ टक्के. खूश झालो.

पण फंडाच्या ॲपवर त्याच दिवसाचा आकडा १५.२ होता. माझा हिशोब डोळ्यांसमोर उघडा होता, ॲपचा झाकलेला. साहजिकच संशय ॲपवर. दोन संध्याकाळी रकमा ताडून पाहण्यात गेल्या. स्टेटमेंटमध्ये हप्ता ४,९९९.७५ दिसतो, कारण जुलै २०२०पासून खरेदीवर ०.००५ टक्का मुद्रांक शुल्क कापतात. वाटलं, इथेच पाणी मुरतंय. पण चार आण्यांनी जवळजवळ एक टक्का हलणार कसा? (तुम्ही मात्र ५,०००च लिहा, खिशातून तेवढेच गेलेत.) तक्रारीचा ईमेल अर्धा लिहूनही झाला होता.

शेवटी वैतागून तारखांचा फॉरमॅट dd-mmm-yyyy केला, म्हणजे महिना अक्षरांत दिसेल. आणि डिसेंबरच्या हप्त्यासमोर आलं 12-May-2023. जानेवारीसमोर 01-May-2023. माझे नऊच्या नऊ हप्ते मे, जून आणि जुलैत जाऊन बसले होते!

शीटचं Locale होतं United States. तिथे महिना आधी, दिवस नंतर. मी टाकलेलं 05/12/2023 त्याने १२ मे वाचलं. हप्ते पाच तारखेचे, सुट्टी आली की सहा किंवा सात. सगळे बाराच्या आतले, म्हणून उलटे वाचूनही त्या खऱ्या तारखाच ठरल्या आणि शीटने हूं की चूं केलं नाही. एकतिसावा महिना नसतो म्हणून शेवटची तेवढी अडली, आणि मी शहाणा, जी ओरडली तिचंच तोंड बंद केलं. जानेवारी ते मार्चचे तीन हप्ते पुढे सरकले आणि ऑगस्टनंतरचे बरेच मागे, त्यामुळे पैसे सरासरी महिनाभर जास्त आत असल्यासारखे दिसले आणि दर घटला. ४० टक्के वगैरे आलं असतं तर तेव्हाच दचकलो असतो. १४.३वर कोण शंका घेईल?

File, मग Settings, तिथे Locale मध्ये India निवडलं. एवढ्याने भागेल असं वाटलं होतं, पण आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा तशाच चुकीच्या राहतात, फक्त दिसतात आपल्या पद्धतीने. नऊही पुन्हा टाइप केल्या, या वेळी 5-Dec-2023 अशा, महिना अक्षरांत. उत्तर आलं १५.२. ईमेल गुपचूप खोडला.

आणखी एक, आठवलं म्हणून. खात्यात पैसे नसल्याने परत गेलेला हप्ता स्टेटमेंटमध्ये कधीकधी आधी खरेदी आणि मग रद्द अशा दोन ओळींत येतो. त्या दोन्ही वगळा. आणि एसआयपीला वर्षही झालं नसेल तर हा आकडा कुणाला सांगत फिरू नका. दोन महिन्यांत पाच टक्के वाढ झाली तरी हे सूत्र तोच वेग वर्षभर धरतं आणि तिशीच्या वर दाखवतं.

मेहुण्याला शीट पाठवली. त्याचा मोबाइलवरून निरोप आला, "दाजी, म्हणजे बारा नाही तर पंधरा. मग चांगलंच की, एवढं चिडलात कशाला?"