आमची वाटचाल : पावसाला न घाबरणारी गोगो

सुरुवातीला आम्ही उत्पादनांच्या माहितीपत्रकांचा मजकूर लिहायचो. मग एका दप्तर बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्या बोलक्या गोगलगायीचे, गोगोचे, संवाद आमच्याकडे सोपवले आणि आमच्या कामाची दिशाच बदलली.

पहिल्या व्हिडिओसाठी कंपनीकडून आलेलं वाक्य असं होतं : ‘माझ्या दप्तराला तीन कप्पे आहेत, पट्टे मऊ आहेत आणि ते पावसात भिजत नाही!’ हे वाक्य गोगोऐवजी कुठल्याही दुकानदाराच्या तोंडी शोभलं असतं. म्हणून आधी गोगो कोण हे ठरवलं. तिचं घर तिच्या पाठीवर असतं, त्यामुळे तिला कप्पे ‘खोल्या’च वाटणार. ती संथ आहे, पण मनाने उतावळी. तिला प्रश्न पडतात, उत्तर मात्र मूल शोधतं. ती मुलाला ‘तू’ म्हणते आणि कधीही आज्ञा करत नाही. मग तेच वाक्य असं झालं :

‘डबा या खोलीत, वह्या त्या खोलीत… मग ही तिसरी खोली कुणाची?’

पडद्यावरचं मूल ओरडतं, ‘बाटलीची!’ कप्पे तीनच आहेत हे पाहणाऱ्या मुलांना आपोआप कळतं. मऊ पट्टे आणि बाकीचे गुण आम्ही निवेदकाला दिले. गोगोने स्वतःच्या मालाची स्तुती केली की मुलांना लगेच ती विकायला आलेली वाटते, असं माझं ठाम मत आहे.

खरी कसोटी पावसाळी व्हिडिओत लागली. दप्तर भिजत नाही हे दाखवायचं, म्हणून कंपनीला गोगो पावसाला घाबरलेली हवी होती. पण गोगलगाय पावसात तर बाहेर पडते, ओल तिला हवीच असते! आधीच्या भागात ती ढग बघून खूश झालेली मुलांनी पाहिली होती, आणि मुलं असलं काही विसरत नाहीत. आम्ही भीती काढून तिथे काळजी घातली :

‘पाऊस आला! चल ना… थांब, तुझ्या वह्यांना विचारलंस का? त्यांना आवडतं भिजायला?’

उत्साहही तिचाच, काळजीही तिचीच. स्वभाव कायम ठेवायचा म्हणजे मूडही एकच ठेवायचा असं नाही. गोगो रुसते, दचकते, फुशारकीही मारते, फक्त ते सगळं तिच्या रीतीने.

आता आमच्याकडे तीन जण तिचे संवाद लिहितात. प्रत्येक ओळ वरचं नाव झाकून वाचतो. ती आईच्या किंवा बाईंच्या तोंडी चपखल बसली, तर परत लिहायला जाते. ‘सावकाश, पण आलेच!’ हे तिचं पालुपद एका व्हिडिओत एकदाच येतं, कारण दुसऱ्यांदा आलं की लिहिणाऱ्याला नवं काही सुचलेलं नाही हे दिसतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आवाज देणाऱ्या कलाकाराला ओळींबरोबर गोगोला त्या क्षणी काय हवंय तेही लिहून देतो. नाहीतर ‘वह्यांना विचारलंस का?’ हा भाबडा प्रश्न सहज दटावल्यासारखा उमटतो.