तुम्ही

काल रात्री नीट झोप लागली नाही. कारण सांगितलं तर कुणीही म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. त्यानं मला वावरात सगळ्यांसमोर "तुम्ही" म्हटलं.

"मॅडम, तुम्ही चिरलेली बोंडं इकडं द्या, मी मोजतो." आवाज चढलेला नव्हता, बोलण्यात तिरकेपणाही नव्हता. धुऱ्यावर तंबाखू मळत बसलेल्या काकांनी मान वर केली. "काहून जी, आता तुम्ही-तुम्ही लावलं?" ते म्हणाले. आम्ही दोघांनी उत्तर दिलं नाही. तो बोंडं मोजत राहिला, मी चाकू पुसत राहिले, पुसण्यासारखं त्यावर काही नसताना.

तीन हंगाम या माणसासोबत कपाशीवरची कीड तपासत मी घाटंजी तालुक्यातली वावरं तुडवली आहेत. पराटीत उभं राहून "तू त्या ओळीत जा, मी इकडून येते" असं ओरडायची इतकी सवय की काकांच्या घरी लहान नातवालाही आमची हाक ओळखू यायची. आता सोमवारी सकाळी मी एसटीनं फाट्यावर उतरते आणि तिथून पायी जाते. तो गाडीवर माझ्या आधी पोहोचतो आणि गावाच्या तोंडाशी थांबत नाही. थांबावं असं मला वाटतही नाही. म्हणजे वाटतं, पण ते जाऊ दे.

काल काकांच्या वावरात दोघांनी एकत्र जायची वेळ माझ्यामुळे आली. तेच लिहायला बसले आहे, आणि तरी पुन्हा पुन्हा त्या "तुम्ही"पाशी येऊन थांबते आहे.

झालं असं. गेल्या गुरुवारी काकांच्या वावराची पाहणी त्याच्याकडे होती. गुलाबी बोंडअळीसाठी आम्ही वावरात आडवेतिडवे फिरून वीस झाडांची वीस हिरवी बोंडं तोडतो आणि तिथंच चिरून पाहतो. चिरल्याशिवाय कळतच नाही. अळी बारीक असतानाच आत शिरते, तिचं भोक बोंड वाढताना बुजून जातं आणि वरून बोंड चांगलं हिरवंगार दिसतं. वीसपैकी दोन बोंडांत अळी निघाली की दहा टक्के झाले. तिथं आमची रेघ आहे. त्याच्या आत असलं तर थांबायचं, तिथं पोहोचलं की शिफारशीतली फवारणी सांगायची.

त्याला दोन बोंडं सापडली. त्या दिवशी शेतकऱ्यांना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. पूर्वी त्यानं वावरातूनच मला फोन लावला असता. जुलैपासून आम्ही एकमेकांना फोन करत नाही. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, आपोआप झालं. मधे आमचा नवीन पोरगा आहे, कार्यालयात बसून नोंदी भरणारा. बिचारा दोघांचे निरोप इकडून तिकडे नेतो आणि दोघांनाही घाबरतो. त्यानं मला सांगितलं, "ताई, काकांच्या वावरात दोन आहे."

मी ते दोन टक्के धरले.

एक फोन लावून विचारलं असतं, दोन कशात दोन? वीसपैकी एक बोंड म्हणजेच पाच टक्के होतात, तेव्हा वीस बोंडांच्या पाहणीत दोन टक्के निघूच शकत नाहीत. हे मला झोपेतही कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण तो आकडा त्याच्याकडून आला होता आणि त्याच्याबद्दलचा विचार मी लवकर संपवते. खरं कारण हेच आहे. मी काकांना फोन केला, "काही करू नका, पुढच्या आठवड्यात बघू." वर समाधानही वाटलं की उगाच एक फवारा वाचवला. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले होते. तेव्हापासून गरज नसताना पंप उचला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती सावधगिरी खरीच आहे. पण इथं ती चुकीच्या आकड्यावर उभी होती.

काल, सोमवारी, दोघांनी मिळून पुन्हा वीस बोंडं चिरली. चार निघाली. एवढ्या छोट्या नमुन्यात एखाद-दुसरं बोंड कमीजास्त होतंच, त्यामुळे अळी चार दिवसांत दुप्पट झाली असं मी म्हणणार नाही. पण चार दिवस गेले हे खरं आणि ते काकांचे गेले. आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही. फवाऱ्याचा उपयोग बाहेर असलेल्या पिढीवर आणि पुढच्यांवर. उशीर झाला की तेवढी बोंडं गेलीच.

काकांना मीच सांगितलं. त्याच्या तोंडून नको होतं. "चूक माझी झाली काका, आकडा मी नीट विचारला नाही." काकांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, तुमचं काय असन ते असन. पण माह्या वावरात येऊन एकमेकाशी बोलत तं जा."

परतताना धुऱ्यावर तो थांबला. मला वाटलं आता बोलेल, त्या सगळ्यावर. तयारीही झाली होती मनाची. तो म्हणाला, "आकडे तरी मला थेट विचारत जा. पोराच्या हातून नको. तुम्हालाही त्रास, मलाही." पुन्हा तेच, "तुम्हाला."

घरी येऊन खूप रडले. तीन वर्षांत ज्यानं माझं नाव अर्धं तोडून हाक मारली, त्याला मी आता शासकीय पत्रासारखी झाले, असं काहीबाही मनात. आईनं जेवायला दोनदा बोलावलं. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

मग रात्री आमच्या टीमचा ग्रुप उघडला आणि वर वर सरकत गेले. जुलैचा दुसरा आठवडा. सापळ्यात पतंग ओढून आणणारे ल्युअर बदलायच्या तारखांवरून माझा मेसेज होता: "तुम्ही तुमच्या गावांतले सापळे कधी तपासणार आहात, कळवावे." "कळवावे" हा शब्दही माझाच. त्याआधी त्याचा शेवटचा मेसेज होता, "तू आलीस का ऑफिसात?" म्हणजे तुम्ही मी आणलं. त्यानं दीड दिवसानं उत्तर दिलं होतं, "शुक्रवारी तपासतो, मॅडम." तो दीड दिवस मला तेव्हा दिसला नव्हता.

बराच वेळ फोन तसाच हातात होता. मला काय हवं होतं? त्यानं "तू" म्हणत राहावं आणि मी "तुम्ही" म्हणावं? आणि काल त्यानं "तू" म्हटलं असतं, तर तेवढ्यावरून मी आठवडाभर काय काय रचलं असतं, हे मला चांगलं माहीत आहे. "तुम्ही" म्हटल्यावर निदान त्याच्या हातातून बोंडं घेता आली. आमच्या टीमचं काम वाटून देणाऱ्या ताईंनी जुलैमध्ये विचारलं होतं, गावं वेगळी करून देऊ का? दोघंही नाही म्हणालो होतो. मी का म्हणाले ते आता लिहीत नाही.

आज सकाळी पोराला सांगितलं, निरोप न्यायचे नाहीत. तो इतका खूश झाला की मला लाज वाटली.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. "नाल्याकाठचं वावर. 20 बोंडांपैकी 1, म्हणजे 5 टक्के. सापळ्यात सलग तीन रात्री 8 च्या खालीच पतंग. फवारणी नको. तुम्ही शुक्रवारी पुन्हा बघाल का?"

मी दोनदा वाचला. "20 बोंडांपैकी" त्यानं मुद्दाम लिहिलं होतं.

"हो, बघते. सकाळच्या एसटीनं येईन. तुम्ही काकांच्या वावरासाठी दोन ल्युअर घेऊन ठेवा."