छत्री घ्यायला मी चुंबक घेऊन गेले

गेल्या पावसाळ्यात माझ्या दोन छत्र्या गेल्या. दोन्ही तीन घडीच्या, पर्समध्ये मावणाऱ्या, आणि दोन्हींनी दगा दिला तो एकाच जागी. पुलावर वाऱ्याने छत्री उलटली, मी झटका देऊन सरळ केली, तर एक काडी मधल्या सांध्यापाशी वाकलेलीच राहिली. मग तिथलं कापड सैल पडलं, खोलगटात पाणी साचायला लागलं आणि त्याचा ओघळ थेट खांद्यावर.

मोडकी छत्री घेऊन बसले तेव्हा कारण दिसलं. काडी म्हणजे पातळ पत्र्याची पन्हळ. पन्हळीच्या आकारामुळे पत्रा ताठ राहतो, पण एकदा चेमटला की परत तसा होत नाही. शिवाय रिवेटसाठी जिथे भोक पाडलेलं असतं तिथे तो आणखी अशक्त. घड्या जितक्या जास्त, तितके असे सांधे जास्त.

रेनकोटचाही विचार केला होता. दुचाकी असती तर दुसरा पर्यायच नव्हता. तेव्हा मात्र आत शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहिलं असतं, कारण पाणी बहुधा कापडाआधी सुईच्या भोकांतून शिरतं. पण मी पंधरा मिनिटं भरभर चालते आणि मग गच्च बसमध्ये शिरते. प्लॅस्टिकसारख्या रेनकोटात पावसाने नाही तर घामाने भिजले असते.

तेव्हा छत्रीच, पण दोन घडीची. दुकानात खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन गेले (दुकानदार हसला, हसू दे). एकाच ब्रँडच्या दोन छत्र्या, दोन्हींवर ‘फायबर’ लिहिलेलं. पहिलीच्या फक्त टोकाकडच्या काड्या फायबरच्या होत्या. मधल्या काडीला चुंबक टचकन चिकटलं. दुसरीच्या मधल्या काड्याही भरीव, गोल, काळ्या. बोटाने हलकेच वाकवली, सोडली, की सरळ. ब्रँडच्या नावावर गेले असते तर यातली कुठलीही हातात आली असती. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, म्हणून वाकवून पाहणं सोडायचं नाही.

कापडात फार वेळ घालवला नाही. नायलॉन भिजल्यावर थोडं ताणतं आणि सैल पडतं, म्हणून घट्ट विणीचं पॉलिस्टर घेतलं. आतला काळा थर उन्हासाठी असतो, त्याचे जास्तीचे पैसे दिले नाहीत.

यंदा ती दोनदा उलटली. दोन्ही वेळा जोर न लावता मिटली, पुन्हा उघडली, काड्या जशाच्या तशा. पर्समध्ये मावत नाही, वजनही जाणवतं. गेल्या आठवड्यात एका काडीच्या टोकाची टोपी सुटून कापड लोंबायला लागलं होतं. जाड दोऱ्याचे चार टाके घातले.