आधी छाती, मग हवा

“बाटली-फुग्याचे फुप्फुस दाखवले की सातवीची मुले खूश होतात, पण त्यातून ती नेमके काय शिकतात?”

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो: क्रम शिकतात. हवा आत शिरते म्हणून छाती फुगते, असे बहुतेक मुले धरून चालतात. प्रत्यक्षात छातीची पोकळी आधी मोठी होते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्यामुळे हवा आत येते. हे फळ्यावर लिहून पटत नाही, म्हणून बाटली हवी.

बाटली जाड घ्यावी, कारण पातळ बाटली तळाचा रबरी पडदा ओढताच आत चेपते आणि फुगा जेमतेम हलतो. तळ कापून टाकावा. स्ट्रॉच्या टोकाला फुगा घट्ट बांधून तो बाटलीत सोडावा आणि बाटलीच्या तोंडाशी स्ट्रॉभोवतीची फट मातीने बुजवावी. दुसऱ्या फुग्याच्या तोंडाला गाठ मारून त्याचा वरचा भाग कापावा आणि उरलेला तुकडा कापलेल्या तळावर ताणून चिकटपट्टीने बसवावा; हाच पडदा. गाठ धरायला उपयोगी पडते. पडदा खाली ओढून तसाच धरून ठेवावा. आतला फुगा फुगलेला राहिला तर जोडणी पक्की. हळूहळू आक्रसू लागला तर कुठेतरी गळती आहे आणि ती बहुधा स्ट्रॉभोवतीच असते.

खरा धडा यानंतर सुरू होतो. बाटलीच्या बाजूला मी आधीच एक बारीक छिद्र पाडून त्यावर पट्टी लावलेली असते. पडदा ओढून फुगा फुगवतो आणि पडदा न सोडता एका मुलीला पट्टी काढायला सांगतो. फुगा लगेच आक्रसतो. पडदा तर अजून खालीच आहे, मग असे का झाले? मुले थोडी घुटमळतात, मग कोणीतरी म्हणते की हवेला दुसरी वाट मिळाली. छिद्रातून हवा शिरून बाटलीतला दाब बाहेरच्याइतका झाला, तेव्हा फुगा ताणून धरणारे काही उरले नाही. छातीला भोक पडणारी जखम झाल्यास फुप्फुस नेमके याच कारणाने मिटते, हे ऐकून वर्ग एकदम गप्प होतो.

मॉडेल जिथे चुकते तेही मी त्याच तासाला दाखवतो, नाहीतर चुकीचे चित्र पक्के होते. बाटली कडक असते, पण बरगड्या वर आणि बाहेर सरकतात. बाटलीत फुग्याभोवती बरीच मोकळी हवा असते, शरीरात मात्र फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये द्रवाचा केवळ पातळ थर असतो. शिवाय फुगा पोकळ असतो आणि फुप्फुस कोट्यवधी वायुकोशांनी भरलेले असते. ऑक्सिजन रक्तात कसा जातो, हे बाटली अजिबात सांगत नाही. सर्वांत जास्त गोंधळ पडद्याचा होतो, कारण तो मुळात सपाट असतो आणि ओढल्यावर खाली लोंबतो. हा पडदा ज्याच्या जागी आहे ते श्वासपटल, म्हणजे छातीच्या तळाचा स्नायू, सैल असताना घुमटासारखे वर चढलेले असते आणि आकुंचन पावल्यावर बरेचसे सपाट होते. म्हणून वहीत बाटलीचे चित्र काढू न देता मी श्वासपटलाच्या या दोन्ही स्थिती शेजारी शेजारी काढून घेतो.