एकच कॅप्टन दोन्हीकडे चालत नाही

“दादा, फँटसी क्रिकेटमध्ये तुमच्यासारखीच टीम लावतो. आमच्या आठ जणांच्या ग्रुपमध्ये पहिल्या तिघांत असतो. तीच टीम लाखभर टीमच्या ग्रँड लीगला टाकली की पार तळाला. चुकतं कुठे?”

कॅप्टनमध्ये. बाकीचे दहा बऱ्यापैकी बरोबर असतात, म्हणून तर ग्रुपमध्ये वर राहता. नीट सांगायचं तर एक सामना धरून सांगायला हवं, म्हणून २९ जून २०२४ ची बार्बाडोसची वर्ल्डकप फायनल घेतो. ती तुम्हालाही चेंडू न् चेंडू आठवत असेल.

त्या संध्याकाळी आमच्या ग्रुपमध्ये मी बुमराहला कॅप्टन केलं होतं. कारण साधं होतं. त्याआधीच्या सात सामन्यांत त्याच्या तेरा विकेट होत्या आणि फक्त अमेरिकेविरुद्ध तो रिकामा गेला होता. चार ओव्हर नक्की, त्यातल्या काही शेवटच्या, जिथे विकेट पडतातच. आठ जणांत मला एवढंच हवं असतं: कॅप्टनने शून्यावर आणू नये. तिघांनी रोहितला कॅप्टन केलं होतं, तेही समजण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९२, इंग्लंडविरुद्ध ५७ करून तो आला होता. पण ओपनरला एक चेंडू पुरतो. दुसऱ्याच ओव्हरमध्ये केशव महाराजला स्वीप मारताना क्लासेनच्या हातात कॅच गेला, रोहित ९ वर आउट, आणि आमच्या ग्रुपमधले तिघे तिथेच मागे पडले.

हिशोब सोपा ठेवू. रनला एक पॉइंट, विकेटला पंचवीस, बाकीचे बोनस बाजूला. कॅप्टनचे दुप्पट होतात, म्हणजे जेवढे त्याने कमावले तेवढेच वर मिळतात. बुमराहच्या दोन विकेट, वरचे ५० मिळाले. रोहितचे वरचे ९. बाकी टीम सारखी असली तरी एकेचाळीस पॉइंटांचा फरक पडतो, आणि आठ जणांत तेवढा पुरतो. मी दुसरा आलो. पहिला आला त्याने कोहलीला कॅप्टन केलं होतं.

तीच टीम मी एका मोठ्या कॉन्टेस्टलाही टाकली होती आणि तिथे ती कुठच्या कुठे गेली. कोहलीने ७६ केल्या होत्या, म्हणजे कॅप्टन म्हणून वरचे ७६. हार्दिकच्या तीन विकेट आणि ५ रन मिळून ८०. अक्षरच्या ४७ रन आणि एक विकेट, ७२. माझा बुमराह यांच्या खालीच होता. आठ जणांत वाईट कॅप्टन टाळला की काम होतं. लाखात मात्र वर असतात ते त्या दिवसाचा सर्वांत चांगला, किंवा त्याच्या अगदी जवळचा कॅप्टन पकडलेले लोक.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. समजा ग्रँड लीगला एक लाख टीम आहेत. तीस हजारांनी बुमराहला कॅप्टन केलंय, पाच हजारांनी कोहलीला. (आकडे माझे आहेत, समजावण्यापुरते.) बुमराह सामन्यात सर्वांत वर जाण्याची शक्यता शंभरात पंधरा धरा, कोहलीची शंभरात दहा, कारण त्या स्पर्धेत आधीच्या सात इनिंग मिळून त्याचे फक्त ७५ रन होते. ग्रुपमध्ये डोळे झाकून पंधरावाला घ्या. पण ग्रँड लीगमध्ये बुमराह चालला तर तुमच्यासोबत तीस हजार जण वर येतात, आणि त्यांच्यातून पहिलं यायचं तर उरलेल्या दहांनी जादू करायला हवी. कोहली चालला तर गाठ फक्त पाच हजारांशी. शक्यतेला गर्दीने भागा: पंधरा भागिले तीस म्हणजे अर्धा, दहा भागिले पाच म्हणजे दोन. कोहलीचा सौदा चौपट चांगला.

इथे एक गल्लत फार जण करतात. सिलेक्शनची टक्केवारी बघतात आणि म्हणतात, कोहली तर सगळ्यांच्याच टीममध्ये आहे, तो डिफरेन्शियल, म्हणजे थोड्यांकडेच असलेला खेळाडू, कसा? टीममध्ये असणं वेगळं, कॅप्टन असणं वेगळं. नावामुळे सगळे घेतात, पण फॉर्म गेला की कॅप्टन करायला हात धजत नाही. अशा वेळी खेळाडू सगळ्यांकडे असतो आणि त्याचे दुप्पट पॉइंट थोड्यांकडे.

याचा अर्थ कुणीही अनोळखी माणूस उचलून कॅप्टन करावा असा नाही. मी चेंडू मोजतो. हा माणूस किती चेंडू खेळेल आणि किती टाकेल? चार ओव्हर टाकणाऱ्याचे चोवीस नक्की. ओपनरला मोठी इनिंग खेळायला जागा आहे. सातव्या नंबरवर येऊन एकही ओव्हर न टाकणाऱ्याला पाच-सहा चेंडू मिळतील. त्याला कितीही कमी लोकांनी घेतलं असलं तरी उपयोग नाही. अक्षर या कसोटीत बसत होता. तो ओव्हर टाकणार होताच, आणि न्यूयॉर्कला पाकिस्तानविरुद्ध लवकर विकेट पडल्यावर त्याला चौथ्या नंबरवर पाठवलं होतं. म्हणजे गरज पडली तर तो वर येतो, हे तीन आठवडे आधी सगळ्यांनी पाहिलं होतं. फायनलला ३४ वर तीन गेले तेव्हा तोच क्रीजवर आला.

म्हणूनच ग्रँड लीगला कॅप्टन आणि व्हाईस कॅप्टन एकाच गोष्टीतले हवेत. रोहित चालला तर अक्षरला चेंडू मिळत नाहीत. रोहित लवकर गेला तर मिळतात. त्या दोघांना कॅप्टन-व्हाईस कॅप्टन करणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध टीम लावणं. कोहली आणि अक्षर मात्र एकत्र बसतात: वरची फळी कोसळली, एकाने टोक धरलं, दुसऱ्याने मारलं, ७२ ची भागीदारी. ग्रुपमध्ये मी असं काही करत नाही. तिथे दोन सर्वांत भरवशाचे खेळाडू, एक दुप्पट आणि एक दीडपट, बस्स. आणि ग्रँड लीगमध्येही अकराच्या अकरा जण विचित्र घेऊ नका. आठ-नऊ जण सगळ्यांचे तेच राहू देत, ते चांगले आहेत म्हणूनच सगळ्यांकडे आहेत. फरक दोन-तीन जणांत आणि कॅप्टनमध्ये करा.

हे मी फुकटच्या कॉन्टेस्टबद्दल बोलतोय. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने भारतात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झालेत, फँटसीही त्यात आली. कुणी आडवाटेने पैसे लावायला सांगितलं तर तिकडे जाऊ नका. टेलिग्रामवर विकत मिळणाऱ्या ‘पक्क्या’ ग्रँड लीग टीमही घेऊ नका. तीच टीम हजार जणांनी घेतली असते, त्यामुळे त्यातला डिफरेन्शियल विकला जातो त्याच क्षणी डिफरेन्शियल राहत नाही.

पुढच्या सामन्याला दोन टीम करा. ग्रुपची दुपारीच करून ठेवा, टॉसनंतर फक्त कुणी बाहेर बसलंय का ते बघा. ग्रँड लीगची मात्र टॉसनंतर लावा, प्लेइंग इलेव्हन समोर ठेवून. तेव्हा अर्धा तास हातात असतो, आणि कुणाचे चेंडू वाढले, कुणाचे कमी झाले हे त्याच अर्ध्या तासात कळतं.